एक लिटर दूध, तीन ऋतू आणि विरजणाचा चमचा

थंडी पडली की दही लागेनासं होतं, आणि बहुतेक घरांत त्यावर पहिला उपाय एकच होतो: विरजण वाढवायचं. एका चमच्याचे दोन, दोनाचे चार. तरी सकाळी झाकण काढावं तर चमच्यावर न ठरणारं, पाणचट आणि वर आंबूस असं काहीतरी पातेल्यात असतं. मुंबईहून नाशिकला राहायला आल्यावर पहिल्या जानेवारीत माझंही रोज हेच होत होतं. मुंबईत जवळपास बाराही महिने एका मापाने दही लागायचं, त्यामुळे माप हीच कृती आहे असं मनात पक्कं बसलं होतं. इथे रात्री बाहेर दहा अंशांवर पारा उतरायचा आणि ओटा बर्फासारखा गार पडायचा. विरजणाचे चमचे वाढवत गेले तसं दही आणखी आंबट होत गेलं, घट्ट काही झालं नाही.

असं का होतं हे कळायला विरजण दुधात नेमकं काय करतं ते पाहावं लागेल.

विरजणातले जंतू दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, साधारण ६.६ असतो. आम्ल वाढेल तसा तो खाली येतो. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अगदी बारीक गोळे एकमेकांपासून लांब राहून तरंगत असतात. सामू पाचाच्या जवळ येऊ लागला की ते एकमेकांना धरू लागतात, आणि ४.६ च्या आसपास त्यांचं जाळं पक्कं होतं. दूध त्या जाळ्यात अडकतं, त्यालाच आपण दही लागलं म्हणतो. म्हणजे कवडीसारखं दही हवं तर दोन गोष्टी लागतात: जाळं विणायला पुरेशी प्रथिनं, आणि ते शांतपणे, सावकाश विणलं जाईल अशी ऊब.

आता चमच्याचा हिशेब. आवडीच्या उबेत हे जंतू साधारण अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्यांचे चौपट, मग आठपट. तुम्ही विरजण दुप्पट घातलंत तर या शर्यतीतली फक्त पहिली दुप्पट त्यांना आयती मिळाली. वाचला तो अर्धा-पाऊण तास, बाकी रात्र आहे तेवढीच. उलट दूध वीस अंशांपर्यंत गार झालं तर त्याच एका दुपटीला दोन-तीन तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. गारठ्याने आठ तासांचं काम वीस तासांवर नेलं असेल तर चमचाभर जास्त विरजणाने ते भरून निघत नाही. ऋतू बदलल्यावर आधी ऊब सांभाळायची, चमच्याकडे नंतर बघायचं, हे मला या हिशेबातून कळलं.

आणि ऊब म्हणजे विरजण घालतानाची नव्हे. ती पुढचे पाच-सहा तास टिकणारी हवी. जानेवारीतल्या एका रात्री मी स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून पाहिलं. बेचाळीस अंशांचं लिटरभर दूध स्टीलच्या पातेल्यात नुसतं झाकण घालून ओट्यावर ठेवलं, तर तासाभरात ते बत्तीस-तेहतिसावर आलं आणि तीन तासांत एकवीस-बावीसवर. सुरुवातीची परीक्षा शंभर टक्के बरोबर होती, पण जंतूंना मनासारखी ऊब मिळाली जेमतेम एक तास.

दूध तापवताना घट्टपणा ठरतो

घट्टपणाची अर्धी गोष्ट विरजणाच्या आधीच संपलेली असते. दूध एकदा वर आलं की आपण गॅस बंद करतो. पिण्यासाठी ते ठीक. दह्यासाठी मात्र उकळी आल्यावर आच अगदी बारीक करून दहा मिनिटं दूध तसंच ठेवावं, मधूनमधून तळाशी डाव फिरवत. केसीनशिवाय दुधात जी दुसरी प्रथिनं असतात, जी एरवी पाण्याबरोबर निवळीत निघून जातात, ती या तापण्याने उलगडतात आणि केसीनच्या गोळ्यांना चिकटतात. मग जाळं दाट होतं आणि पाणी धरून ठेवतं. शिवाय थोडं पाणी उडून जातं, लिटरचं नऊशे मिली झालं तरी फरक जिभेला कळतो.

म्हशीचं दूध घट्ट लागतं ते केवळ साय जास्त म्हणून नाही, त्यात केसीनही गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं. म्हणूनच तुपासाठी साय काढून घेतलेल्या म्हशीच्या दुधाचंही दही कापता येईल इतकं घट्ट लागतं. साय राहिली तर ते जास्त मऊ आणि खमंग लागेल, एवढंच. पिशवीचं दूध घेत असाल तर फुल क्रीममध्ये स्निग्धांश किमान सहा टक्के असतो आणि टोन्डमध्ये तीन. टोन्ड दुधाचं दही घट्ट हवं असेल तर दूध गार असतानाच लिटरमागे दोन-तीन मोठे चमचे साधी दूध पावडर गुठळी न ठेवता मिसळावी आणि मग तापवावं. हा आडमार्ग नव्हे, जाळ्याला जास्त प्रथिनं द्यायचाच प्रकार आहे.

बोट फसवतं तेव्हा

दूध बोटाला सोसेल इतपत कोमट असावं, असं आई सांगायची. वाक्य बरोबरच आहे, पण त्याला दोन पुरवण्या हव्यात.

पहिली म्हणजे, सायीखालचं दूध वरून वाटतं त्यापेक्षा गरम असतं. साय वरच्या झाकणासारखं काम करते, कडेचं दूध निवतं आणि मधलं तापलेलं राहतं. म्हणून आधी डाव घालून तळापासून दोनदा ढवळायचं आणि मगच बोट बुडवायचं. दुसरी म्हणजे, थंडीत आपलं बोटच गार असतं. भांडी घासून आलेल्या हाताला पस्तीस अंशांचं दूधही चटका दिल्यासारखं वाटतं, आणि आपण 'अजून निवू दे' म्हणत ते तिसाच्या खाली नेतो. हिवाळ्यात दही बिघडण्याचं हे फार साधं कारण आहे. त्यामुळे मी बोट वापरत नाही. स्वच्छ चमच्याने दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकते. बाळाचं दूध तपासतो तसं. तिथली कातडी कपड्यात झाकलेली असते, ती खरं सांगते.

काय जाणवायला हवं? थेंब पडल्याचं कळलंच नाही, गार ना गरम, तर दूध तेहतीस-पस्तीसच्या आसपास आहे. छान उबदार वाटलं, पण हात मागे घ्यावासा वाटला नाही, तर ते चाळीस-बेचाळीस असेल. गरम आहे पण सोसतंय, असं वाटलं तर त्रेचाळीस-पंचेचाळीस. 'हं!' म्हणून मनगट झटकलं गेलं, तर पन्नासच्या घरात आहे, थांबा. पन्नासच्या वर विरजणातले जंतू दुबळे होतात आणि साठच्या आसपास बहुतेक मरतात. इतक्या गरम दुधात विरजण घातलं की ते पडल्या जागी फाटून बारीक कण होतात आणि सकाळी तळाशी चोथा सापडतो.

जानेवारीची रात्र, तासातासाने

माझी नाशिकमधली आजची पद्धत सांगते. म्हशीचं एक लिटर दूध रात्री नऊला तापवायला ठेवते, उकळी आल्यावर दहा मिनिटं बारीक आचेवर. साडेनवाला गॅस बंद. पातेलं परातीतल्या साध्या पाण्यात ठेवलं की साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर येतं. थंडीत मी इथेच थांबते, बेचाळीसच्याही थोडं वर, कारण दुसऱ्या भांड्यात ओतताना दोन अंश तरी जातातच.

ज्या भांड्यात दही लावायचं ते आधी गरम पाण्याने विसळून घेते. गार काचेच्या वाडग्यात चांगलं दूध ओतायचं आणि मग ऊब कुठे गेली म्हणून शोधत बसायचं, हे मी खूपदा केलं आहे. विरजण फ्रिजमधून तासभर आधी काढलेलं असतं. त्यातलं लहान चमच्याने तीन चमचे, म्हणजे साधारण पंधरा मिली, एका वाटीत घेते आणि दोन-तीन चमचे कोमट दूध घालून गुठळी मोडेपर्यंत घोटते. ती वाटी दुधात ओतून तळापासून चांगलं ढवळायचं. काही जणी विरजण फक्त भांड्याच्या कडेला फासतात. त्याने दही लागतं, पण एकीकडे आंबट आणि दुसरीकडे गोड असं लागतं.

आता मुख्य काम. माझा प्रेशर कुकर मोठा आहे. त्यात पंचेचाळीस अंशांचं पाणी दोन-तीन इंच भरते, दह्याचं भांडं झाकून त्यात ठेवते, कुकरचं झाकण लावते आणि सगळं जुन्या गोधडीत गुंडाळते. पाण्याचा तो साठा आपली ऊब हळूहळू सोडत राहतो. याच रचनेत मी थर्मामीटर लावला तेव्हा पाच तासांनीही दूध चौतीस-पस्तीसवर होतं. कुकर नसेल तर पोळ्यांचा जाड हॉटपॉट चालतो, तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यात भांडं अर्धं पुरून ठेवायची जुनी रीतही चांगलीच आहे, कारण धान्य ऊब सहजी बाहेर जाऊ देत नाही. नुसतं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर वारा लागत नाही इतकंच. सोबत उकळत्या पाण्याचा पेला ठेवला तर उपयोग होतो.

रात्री साडेदहाला लावलेलं हे दही सकाळी सहा-सातपर्यंत लागतं. तोवर भांड्याला हात लावायचा नाही. जाळं विणलं जात असताना हलवलं तर जिथे तुटतं तिथून पाणी सुटतं आणि ते पुन्हा सांधत नाही.

सकाळी भांडं अगदी थोडं कलंडवून पाहते. सगळं दही एकसंध राहून कडेपासून स्वच्छ सुटलं आणि फटीत पाणी दिसलं नाही, तर झालं. वरून धरल्यासारखं आहे पण मधे लपकतं, अशी अवस्था असेल तर ते अदमुरं आहे. तेव्हा वरून आणखी विरजण घालायचं नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही. भांडं जसं आहे तसं पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात ठेवून तासभर, फार तर दोन तास वाट पाहायची. रात्री ऊब गेली म्हणून जंतू थांबले असतात, संपले नसतात.

मे महिना: उलटी अडचण

उन्हाळ्यात दही लागत नाही असं क्वचितच होतं. लवकर लागतं आणि आपण झोपलेले असतो, हे खरं दुखणं. रात्री स्वयंपाकघरात तीस-एकतीस अंश असताना दूध मुळी निवतच नाही. अकराला बेचाळीस अंशांत, तीन चमचे विरजण घालून लावलेलं दही पहाटे तीन-चारलाच तयार होतं. पुढचे तीन तास जंतू आपलं काम करतच राहतात. सामू खाली जात राहतो, जाळं आवळतं आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर टाकतं. सकाळी वर हिरवट निवळी आणि खाली रवाळ, झणका देणारं दही. लोकांना वाटतं दूध पातळ होतं. खरं तर दही कधीच घट्ट लागून गेलेलं असतं.

म्हणून मे महिन्यात मी दूध मनगटाला गार ना गरम वाटेपर्यंत, म्हणजे पस्तीसपर्यंत निवू देते आणि लिटरला फक्त अर्धा लहान चमचा विरजण घालते. इथे चमचा कमी करण्याला अर्थ आहे. आपल्याला वेळ लांबवायचा आहे, आणि निम्म्याच्या निम्मं केलं की दीड-दोन तास हाती येतात. सावकाश लागलेलं दही मऊही असतं. विदर्भातल्या स्वयंपाकघरात रात्रीही पस्तीस अंश असतात. तिथे भांडं परातीत पाणी घालून त्यात ठेवावं. मुंग्याही येत नाहीत आणि दूध हवेपेक्षा थोडं गार राहतं. याहून सोपं म्हणजे रात्री न लावता सकाळी दहाला लावणं. दुपारी तीन-चारला समोर असल्यामुळे लागल्या क्षणी उचलून फ्रिजमध्ये ठेवता येतं.

मातीचं बोळकं खरं कामाचं याच दिवसांत. कच्च्या भाजलेल्या मातीतून दह्यातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि उडून जातं. त्यामुळे दही घट्ट होतं आणि भांडं गारही राहतं. ज्या कारणाने ते मे महिन्यात वरदान, त्याच कारणाने जानेवारीत अडचण. हिवाळ्यात मातीत दही लागत नाही म्हणून भांड्याला दोष देऊ नये, ते आपलं काम करतंय.

पावसाळा या दोहोंच्या मधला. नाशिकमध्ये जुलैत पंचवीस-सव्वीस अंश असतात. दूध चाळीस, लिटरला दीड लहान चमचा विरजण, भांड्यावर एक पंचा, आणि सात-आठ तास. मापाची अडचण नसते, विरजणाचीच असते.

विरजण कुठून घेता

पावसाळ्यात दह्याला तार येते. चमचा उचलला की लाळेसारखा धागा लोंबतो. विरजणात एकाच जातीचे जंतू नसतात. काहींना चाळीस-बेचाळीसची ऊब आवडते, काही पंचवीस-तीसमध्ये खुलतात. रोज कोमटाच्या खालच्या दुधात दही लावत गेलात की दुसऱ्या गटाचं राज्य येतं, आणि त्यांतले काही जण चिकट पदार्थ तयार करतात. फार कमी विरजण घालून दूध रात्रभर गारठ्यात ठेवलं तरी बाहेरच्या जंतूंना शिरायला सवड मिळते. तारेच्या दह्याचं विरजण पुढे चालवू नका. त्याच्या पुढच्या दह्यालाही तार येते. वास बिघडला असेल किंवा वर रंगीत बुरशी दिसली तर ते दही खायचंही नाही.

चांगलं विरजण आदल्या दिवसाचं असतं, गोडसर आंबट. आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्या आंबट दह्यात जिवंत जंतू कमी आणि आम्ल जास्त असतं. ते चमचाभर जास्त घातलं की दूध आंबट व्हायला सुरुवात आधीच झालेली असते, आणि जाळं घाईत, भरड विणलं जातं. जानेवारीत माझे वाढवलेले चमचे मला असेच नडले. दुसरं विरजण नसेल तर अशा दह्याचा एक लहान चमचा वाटीभर बेचाळीस अंशांच्या दुधात लावायचा, आणि ते लागलं की त्यातून मोठं दही. एक दिवस जास्त जातो, पण विरजण ताजं होतं.

घरात विरजणच नसेल तर शेजारून आणावं किंवा दुकानातलं साधं, बिनसाखरेचं दही आणावं. हिरव्या मिरचीच्या देठांनी वाटीभर दूध लावायची रीत घरोघरी माहीत आहे. देठांवरच्या जंतूंनी दूध आंबतं खरं, पण कोणते जंतू आले यावर आपला ताबा नसतो. तसं पहिलं दही खाऊ नये. त्याचं विरजण करून दोन-तीनदा फिरवावं आणि वास-चव नीट बसली तरच ठेवावं.

एक गोष्ट क्वचित घडते आणि माणूस हैराण होतो. ऊब बरोबर, विरजण ताजं, वेळ भरपूर, तरी दूध दुधासारखंच. अशा वेळी दूध तपासा. गाई-म्हशीच्या कासेला सूज आली की तिला प्रतिजैविकं देतात, आणि औषध सुरू असतानाचं दूध वेगळं काढलं नाही तर त्यातला अंश विरजणाच्या जंतूंनाही मारतो. दूध नासू नये म्हणून त्यात सोडा घातला असेल तर तोही आम्ल खाऊन टाकतो. त्याच विरजणाने दुसऱ्या ठिकाणचं वाटीभर दूध लावून पाहा. ते लागलं, तर दोष पहिल्या दुधाचा, आणि ते दूध देणाऱ्याला तसं सांगायला हवं.

लागलेलं दही लगेच वाढायला घेऊ नये. गरमपणात जाळं अजून नाजूक असतं. फ्रिजमध्ये न हलवता तीन-चार तास ठेवलं की ते आवळून बसतं, आंबणंही मंदावतं, आणि मग चमच्याने कापलं तर कडा उभी राहते. त्या वेळी पहिला चमचा मधल्या, घट्ट भागातून घ्यायचा आणि कोरड्या वाटीत उद्याच्या विरजणासाठी बाजूला ठेवायचा. पानातला उष्टा चमचा भांड्यात जायच्या आत.